एसटीच्या काचेवर काढलेली रेषा

मी अकरावी-बारावीला गणित शिकवते आणि माझा स्वभाव तापट आहे. दोन्ही गोष्टी सगळ्या हिंगणघाट तालुक्याला ठाऊक आहेत, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. नालवाडीहून रोज सकाळी एसटीने येते, डब्यात बहुतेक भेंडी असते, आणि ज्या कॉलेजात शिकले त्याच कॉलेजात शिकवते. ज्या बाकावर बसून मी झोपायचे, त्याच बाकावर आता झोपणाऱ्यांना मी खडू मारते. नेम अजून चांगला आहे.

या सगळ्या संसारात मला मनापासून नकोशी असलेली एकच गोष्ट, ती म्हणजे जर्नल. गणिताचं प्रात्यक्षिक जर्नल. मुलं त्यात वर्षभरात दहा-बारा प्रात्यक्षिकं लिहितात, आलेख कागदावर आलेख काढून चिकटवतात, मी सह्या करते, आणि वीस मार्क लागतात. मुलं जर्नल लिहीत नाहीत, उतरवतात. मागच्या बॅचचं समोर ठेवायचं आणि हात चालवायचा. आलेख उतरवायची रीत तर ठरलेली आहे: जुना आलेख खिडकीच्या काचेवर धरायचा, त्यावर कोरा कागद ठेवायचा, मागून ऊन आलं की रेघा दिसतात, त्यांच्यावरून पेन्सिल फिरवायची. पॉलिटेक्निकची मुलं याला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव देतात. आम्ही आमच्या वेळी नुसतं ‘काच लावणं’ म्हणायचो.

आणि मी? मी तपासत नाही, बघते. तारीख आहे का, शाई एकच आहे का, पट्टीने रेघा मारल्यात का. एका जर्नलला एक मिनिट. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं, असं मी समजून होते.

यंदा अकरावीत एकोणचाळीस मुलं होती. सहावं प्रात्यक्षिक होतं रेषा आणि परवलय यांचे छेदनबिंदू. परवलय म्हणजे ती वाटीसारखी वक्र रेघ. तिचं समीकरण y = x², आणि सरळ रेषेचं y = x + 2. दोघी एकमेकींना कुठे छेदतात ते आधी समीकरण सोडवून काढायचं, मग आलेखावर वाचून दाखवायचं, आणि शेवटी लिहायचं, ‘दोन्ही रीतींनी उत्तर एकच येते.’

मी स्टाफरूममध्ये गठ्ठा घेऊन बसले. एका हाताने चहा, एका हाताने बरोबरच्या खुणा. छेदनबिंदू (-2, 4) आणि (1, 1). बरोबर. (-2, 4) आणि (1, 1). बरोबर. बाविसाव्या-तेविसाव्या जर्नलात एकदम (2, 4) आणि (-1, 1). आलेखातली रेषाही वेगळी, डावीकडून उजवीकडे चढत गेलेली. बाकी सगळ्यांची रेषा उजवीकडे उतरत होती. मी लाल पेनने फुली मारली आणि खाली लिहिलं, ‘चूक. मैत्रिणींचे पाहून दुरुस्त कर.’ पुढचं जर्नल उचललं. त्यात पुन्हा (-2, 4) आणि (1, 1). बरोबर.

हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

ते जर्नल होतं वडनेरहून येणाऱ्या एका मुलीचं. बारीक, दोन वेण्या, शेवटून दुसऱ्या बाकावर. वर्षभरात तिने मला एकही प्रश्न विचारला नव्हता, म्हणून मी तिला ढ समजत होते. मास्तरकीत हा एक आजारच आहे: जो बोलत नाही तो ढ.

बुधवारी ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. हातात जर्नल आणि एक अर्ज. विषय बदलाचा. गणित सोडून भूगोल घ्यायचा होता, त्यावर गणिताच्या मॅडमची सही लागते, आणि शनिवारी शेवटची तारीख होती.

‘काय गं, एका फुलीने घाबरलीस?’ मी म्हटलं. ‘एक मार्क गेला असेल. त्यासाठी विषय सोडतात का?’

‘मार्कासाठी नाई, मॅडम.’

‘मग काऊन?’ माझंही वऱ्हाडी रागात बाहेर येतं.

तिने अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. मग म्हणाली, ‘मराठीत निबंध लिहिला अन् कमी मार्क भेटले तं मी काही बोलत नाई. ते मत राह्यते. गणितात तसं नसते म्हणून मी गणित घेतलं होतं. इथंबी बाकीच्यायचं पाहूनच लिहा लागते, तं मंग भूगोल काय वाईट हाय?’

मी चिडले. पोरीला उलट बोलायला येतं हे मला तेव्हा कळलं आणि ते मला आवडलं नाही. मी म्हटलं, ‘अडतीस जणांचं उत्तर एक आणि तुझं एकटीचं वेगळं. तू बरोबर?’

‘तुम्ही टाकून पाहा ना, मॅडम.’

‘काय टाकून?’

‘उणे दोन. रेषेत टाकून पाहा.’

स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राचे सर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला. आता माघार घेणं शक्य नव्हतं. मी तिच्याच अर्जाच्या मागे लिहिलं: y = x + 2. x च्या जागी -2. म्हणजे उणे दोन अधिक दोन. शून्य.

शून्य. चार नाही. ज्या बिंदूला मी अडतीस वेळा बरोबरची खूण केली होती, तो रेषेवर नव्हताच.

‘आता एक टाका,’ ती म्हणाली.

एक अधिक दोन, तीन. जर्नलांत लिहिलं होतं एक.

छेदनबिंदू म्हणजे दोघींच्या मालकीचा बिंदू. तो वक्र रेघेवरही पाहिजे आणि सरळ रेषेवरही. एकीवर आहे आणि दुसरीवर नाही, तर तिथे त्या भेटल्याच नाहीत. हे वाक्य मी दरवर्षी वर्गात मोठ्या आवाजात सांगते, फळ्यावर उदाहरणंही बरोबर सोडवून देते. म्हणजे सकाळी वर्गात मी बरोबर शिकवत होते आणि दुपारी स्टाफरूममध्ये चुकीच्या उत्तरावर सह्या करत होते.

‘अडतीस विरुद्ध एक,’ भौतिकशास्त्राचे सर म्हणाले. ‘लोकशाही आहे, मॅडम. ठराव बहुमताने पास झाला.’

मी मुलीच्या जर्नलवरची फुली खोडली, बरोबरची खूण केली, वीसपैकी वीस लिहिले आणि अर्ज तिच्यापुढे सरकवला. ‘घे. फाडून टाक.’

तिने अर्ज उचलला नाही. ‘मॅडम, एकाचं चुकन, दोघायचं चुकन. अडतीस जणायचं एकसारखं कसं चुकलं ते सांगा. ते समजलं तं मी गणित ठेवते. नाई तं शनवारी सही देऊन द्या.’

आणि गेली. मी अशी अट माझ्या लग्नातसुद्धा ऐकून घेतली नव्हती.

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी तिचा राग कमी आणि भीती जास्त वाटली. अकरा वर्षांत आमच्याकडून गणित घेऊन पुढे गेलेली मुलं मोजायला मला दोन्ही हातांची बोटंही लागत नाहीत. आणि जी एकटी स्वतःच्या डोक्याने आलेख काढत होती, तिला मीच लाल पेनने भूगोलाकडे पाठवत होते. ती गेली असती तर त्या वर्गात गणित करणारं कुणी उरलंच नसतं, मी धरून.

अडतीस जर्नलं पुन्हा उघडली. आता एका जर्नलाला एक मिनिट नाही, एका ओळीला एक मिनिट. सुरुवात सगळ्यांची बरोबर होती. y दोन्हीकडे आहे, म्हणून रेषेतली y ची किंमत वक्राच्या समीकरणात टाकायची: x² = x + 2. सगळं एका बाजूला आणलं की x² - x - 2 = 0. इथवर ठीक. मग अवयव पाडलेले होते, (x + 2)(x - 1) = 0. इथे मेख. कंस उघडून पाहा: x² + x - 2 येतं. मधलं चिन्ह उलटं. खरे अवयव (x - 2)(x + 1), म्हणजे x दोन किंवा उणे एक. आणि त्या पोरीने तेच लिहिलं होतं.

पण पुढची पायरी बघून मला त्या मूळ चोराचं कौतुक वाटलं. x ची किंमत मिळाल्यावर y काढायला त्याने ती रेषेत टाकलीच नव्हती. y = x² मध्ये टाकली होती. तिथे उणे दोनचा वर्गही चार आणि दोनचा वर्गही चार, चिन्हाची चूक वर्गाच्या पोटात गडप. रेषेत टाकली असती तर लगेच बोंब झाली असती. शिवाय आलेखही या चुकीच्या उत्तराशी तंतोतंत जुळत होता, कारण आलेखात रेषाच उलट्या बाजूला कललेली होती. म्हणजे नुसती चूक नव्हे, चुकीला साक्षीदारही उभा केलेला. हे काम साध्या ढ मुलाचं नव्हतं. हे कुणीतरी हुशार आणि निर्लज्ज माणसाने केलेलं होतं.

‘त्याला शोधून काढते,’ मी भौतिकशास्त्राच्या सरांना म्हटलं. ‘कोणत्या बॅचचा आहे तो, आत्ता कुठेही असो. दुकानात असो, बँकेत असो. जर्नल घेऊन जाते आणि त्याच्या बायकोसमोर विचारते.’

‘बायको कशावरून? नवराही असेल,’ सर म्हणाले.

गुरुवारी वर्गात गेले आणि दार लावून घेतलं. ‘सहावं प्रात्यक्षिक कुठून उतरवलं?’

एकोणचाळीस मुलं एकदम इतकी निष्पाप दिसू शकतात यावर माझा विश्वास बसेना.

‘कोणाले काही करत नाई. फक्त सांगा.’

पहिल्या बाकावरचा मुलगा उठला. त्याच्यावर हे काम नेहमी ढकललं जातं कारण त्याचा चेहरा गरीब आहे. ‘मॅडम, पीडीएफ हाय.’

‘कसली पीडीएफ?’

‘जर्नलची. ग्रुपवर राह्यते. दर वर्षी सिनियर लोकं टाकून देतात. कोण्यातरी जुन्या बॅचचं हाय, लय चांगलं अक्षर हाय, म्हणून सगळे त्याच्यातूनच मारतात. आलेखाची प्रिंट काढतो अन् काचेवर लावतो.’

‘मोबाइल दे.’

मोबाइल वर्गात आणायला बंदी आहे, हे तो विसरला आणि मीही विसरले. त्याने खिशातून काढून दिला.

पहिलं पान फाटलेलं होतं, नाव नव्हतं. दुसऱ्या पानापासून सुरू. निळी शाई, शीर्षकाखाली हिरव्या पेनने दोन रेघा, आणि समासात वरच्या कोपऱ्यात पाच पाकळ्यांचं एक छोटं फूल. सहाव्या प्रात्यक्षिकाखाली लाल शाईत आमच्या जुन्या सरांची वळणदार सही आणि शेरा, ‘उत्कृष्ट.’

ते फूल मी ओळखलं. कसं ओळखणार नाही? अकरावी-बारावीची दोन वर्षं मी ते प्रत्येक पानावर काढलं होतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी, ‘जर्नल कसं असावं ते बघा’ असं म्हणून मी माझं स्वतःचं जर्नल मोठ्या ऐटीत वर्गाला नमुना म्हणून दिलं होतं. ते परत आलं नाही. मी कुरकुरले, दोन दिवस शोधलं आणि विसरले. ते परत आलं नव्हतं, कारण ते कामाला लागलं होतं.

मी मोबाइल मुलाला परत दिला, ‘पान नंबर दहा उघडा’ म्हटलं, आणि उरलेला तास वर्गाला शांत बसवून खिडकीबाहेर बघत राहिले. मुलांना वाटलं मॅडमची तब्येत बिघडली.

त्या तासात मला सगळं आठवलं. आठवावं असं वाटत नव्हतं, पण आठवलं.

आम्ही तेव्हा अल्लीपूरला राहत होतो. मी रोज सकाळच्या एसटीने हिंगणघाटला यायचे. त्या दिवशी जर्नल द्यायचं होतं आणि माझं सहावं प्रात्यक्षिक कोरं होतं. आमच्याच गावची बारावीतली एक ताई त्या गाडीत असायची. गाडी स्टँडवर उभी, ड्रायव्हर आणि कंडक्टर चहाला, आणि पूर्वेकडच्या काचेतून छान ऊन येत होतं. मी ताईला तिचं मागच्या वर्षीचं जर्नल आणायला सांगितलं होतं, ते मागितलं. ती म्हणाली, ‘देतो, पण माह्या आलेखावर तुह्या पेन्सिलीचे वळ उमटले तं पाहजो.’ तिचा आलेख डिंक वाळून सुटा झालेला होता. मग वळ उमटू नयेत म्हणून मी तो पालथा केला. रेघांची बाजू काचेकडे, कोरी पाठ माझ्याकडे. त्यावर माझा कागद ठेवला आणि झरझर रेघ ओढली.

पालथ्या कागदावर डावं उजवं होतं. पण वाटीसारखी ती वक्र रेघ दोन्हीकडून सारखीच असते, ती पालथी केली तरी तशीच दिसते. फक्त सरळ रेषा फिरली. चढणारी होती ती उतरणारी झाली. आणि अक्षांवरचे आकडे तर मी माझ्या हाताने नवे घातले, उजवीकडे अधिक, डावीकडे उणे, अगदी नियमाप्रमाणे. मग बिंदू वाचले: (-2, 4) आणि (1, 1). ताईच्या गणितात मात्र दोन आणि उणे एक होते.

मला वाटलं, ताईच चुकली. मनात आलं, हिच्यापेक्षा आपण हुशार. कंडक्टर घंटी मारत होता. आलेख पुन्हा काढायला वेळ नव्हता, पण गणितातली दोन चिन्हं बदलायला कितीसा वेळ लागतो? बदलली. किंमत y = x² मध्ये टाकून बघितली, चार आणि एक आले. वर दिमाखात लिहिलं, ‘दोन्ही रीतींनी उत्तर एकच येते.’ रेषेत टाकून बघावं असं पोटात कुठेतरी टोचलं होतं. टोचलं होतं हे मी शपथेवर सांगते. पण तोवर गाडी हलली आणि मी जर्नल मिटलं.

तो हुशार आणि निर्लज्ज माणूस सापडला होता. त्याला नवराही होता, सरांचा अंदाज बरोबर निघाला. घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो इतका हसला की भाजी करपली. मला रडू आलं. मला माझी लाज वाटत होती, सरळ, साधी लाज, आणि ती पोरगी शनिवारी सही मागणार होती.

शुक्रवारी त्या पानाची मोठी प्रिंट काढून वर्गात नेली आणि फळ्यावर चिकटवली. वडनेरच्या मुलीला पुढे बोलावलं. तिला वाटलं अर्जाचं काहीतरी असेल.

‘तू विचारलं होतंस ना, अडतीस जणांचं एकसारखं कसं चुकलं?’ मी म्हटलं. ‘हे जर्नल माझं आहे.’

वर्गात कुणीतरी ‘ओ बाप’ म्हणालं. मग मी एसटी, काच, ऊन, ताई, पालथा कागद, सगळं सांगितलं. प्रिंट उलटी करून खिडकीच्या काचेला लावून दाखवली, आणि उलट्या बाजूने रेषा बरोबर चढताना दिसली. पहिल्या बाकावरचा गरीब चेहऱ्याचा मुलगा उठून जवळ गेला, नाक काचेला लावलं आणि म्हणाला, ‘आईशप्पथ, सरकी झाली.’ सरकी म्हणजे सरळ. सगळे हसले. मीही हसले.

‘आता पुढे तू कर,’ मी मुलीला खडू दिला.

तिने फळ्यावर अवयव लिहिले, (x - 2)(x + 1) = 0. दोन आणि उणे एक. मग वर्गाकडे न बघता, एकेक किंमत रेषेत टाकली: दोन अधिक दोन, चार. उणे एक अधिक दोन, एक. मग तेच बिंदू वक्राच्या समीकरणातही टाकून बघितले, चार आणि एक. दोन्हीकडे जुळलं. आलेख काढला, रेषा चढत गेली आणि बरोबर त्या दोन ठिकाणी वक्राला छेदून पुढे निघाली. मागच्या बाकावरही कुणी झोपलेलं नव्हतं.

मी तिच्यासमोर लाल पेन धरलं. ‘प्रिंटवर शेरा मार.’

‘तुमच्या जर्नलवर?’

‘माझ्याच.’

तिने जरा विचार केला. सरांच्या ‘उत्कृष्ट’ला हात लावला नाही. त्याच्या खाली एक नीट फुली काढली आणि माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात लिहिलं, ‘चूक. मैत्रिणीचे पाहून दुरुस्त कर.’

वर्ग टेबलं बडवायला लागला. मी गप्प करायला खडू उचलला आणि खाली ठेवला.

मग फाइलमधून तिचा विषय बदलाचा अर्ज काढून तिच्यापुढे धरला. मागच्या बाजूला माझ्या हातचं शून्य आणि तीन तसंच होतं. ‘हा तुझा. काय करायचं ते कर.’

तिने तो घेतला, उलटून पाहिला, घडी घातली आणि परत माझ्याच हातात दिला.

‘तुमच्याजवळ राहू द्या, मॅडम,’ ती म्हणाली. ‘पुढच्या वर्षी बिना पाहता सह्या केल्या तं तुमाले लागन.’